डिस्चार्जनंतर डिपॉझिटमधले किती पैसे परत मिळायला हवेत? कॅशलेस रुग्णांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर मी बरीच वर्षं काढली. आता ती नोकरी नाही, पण सोसायटीत कुणाचा डिस्चार्ज झाला की फाइल माझ्याच जेवणाच्या टेबलावर येते. प्रश्न जवळपास ठरलेले असतात: बिल एवढं झालं, विमा कंपनीने एवढे दिले, आम्ही आधी एवढे भरले होते, मग हातात एवढेच कसे आले? त्याचीच उत्तरं इथे लिहिली आहेत. हे सगळं कॅशलेस उपचारांबद्दल आहे. स्वतः पूर्ण बिल भरून नंतर विम्याचे पैसे मागणाऱ्यांचा हिशोब वेगळा असतो, त्याचा उल्लेख ओघात येईल तेवढाच.

कॅशलेस असूनही रुग्णालय डिपॉझिट का घेतं?

कारण भरती होताना कुणालाच अंतिम आकडा माहीत नसतो. विमा कंपनी सुरुवातीला जी मंजुरी देते ती अंदाजावरची असते, आणि बिलातला काही भाग ती कधीच देत नाही. तो भाग डिस्चार्जच्या वेळी रुग्णाकडून वसूल होईल की नाही, ही रुग्णालयाची धास्ती. म्हणून आधीच पंचवीस-पन्नास हजार घेऊन ठेवतात. शस्त्रक्रिया असेल तर आदल्या दिवशी आणखी मागतात.

यात गैर काही नाही. एक अपवाद मात्र आहे. रुग्ण तातडीच्या अवस्थेत आणला असेल, तर आधी पैसे भरा म्हणून जीव वाचवणारे उपचार अडवून धरता येत नाहीत. महाराष्ट्रातल्या शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ मधल्या सुधारित नियमांत तसं म्हटलं आहे. पुण्यात २०२५ च्या एप्रिलमध्ये अनामत रकमेवरून मोठं वादळ झालं, तेव्हा महापालिकेने खासगी रुग्णालयांना हाच नियम पुन्हा बजावला.

परत मिळणारी रक्कम काढायची कशी?

बहुतेक जण (आणि बहुतेक बिलिंग क्लार्कसुद्धा) असं करतात: एकूण बिलातून विमा कंपनीची मंजूर रक्कम वजा करायची, उरेल तो रुग्णाचा वाटा, आणि डिपॉझिटमधून तो वाटा कापून बाकीचे परत.

सोपं आहे, पण पुष्कळदा चुकतं. बिल आणि मंजूर रक्कम यांच्यामधल्या फरकात दोन वेगवेगळ्या जातीची कपात मिसळलेली असते. एक रुग्णाच्या माथी येणारी: पॉलिसीत न बसणाऱ्या वस्तू, खोलीभाड्याची मर्यादा ओलांडल्याचा फरक, आणि को-पे, म्हणजे पॉलिसीनुसार रुग्णाने स्वतः भरायचा ठरलेला हिस्सा. दुसरी रुग्णालयाने सोसायची: विमा कंपनीशी झालेल्या करारातली सवलत आणि करारात ठरलेल्या दरापेक्षा जास्त लावलेली रक्कम. दुसऱ्या जातीच्या कपातीशी तुमचा काही संबंध नाही. तुमच्या डिपॉझिटमधून फक्त पहिल्या जातीची कपात वळती व्हायला हवी.

म्हणून वजाबाकी बिलापासून सुरू करू नका. मंजुरीपत्रातल्या कपातीच्या ओळी एकेक करून वाचा, रुग्णाच्या खात्यातल्या तेवढ्या ओळींची बेरीज करा आणि ती डिपॉझिटमधून वजा करा.

एखादं उदाहरण घेऊन दाखवाल का?

कोथरूडच्या एका काकांची फाइल घेऊ. पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, चार दिवस मुक्काम. ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत.

पॉलिसी तीन लाखांची. खोलीभाड्याला रोज एक टक्का, म्हणजे ३,००० रुपयांची मर्यादा. काकांनी घेतलेली खोली ४,५०० ची. भरती होताना मुलाने ३०,००० भरले आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी २०,०००, असं एकूण डिपॉझिट ५०,०००.

अंतिम बिल असं होतं:

खोलीभाडं, चार दिवस: १८,०००
सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या व्हिजिट: ६६,०००
औषधं आणि सर्जिकल साहित्य: ३१,०००
तपासण्या: १४,०००
सोबतच्या माणसाचं जेवण वगैरे: २,१००
एकूण: १,३१,१००

आता कपात. चार दिवसांचं मंजूर भाडं १२,०००, म्हणून खोलीत ६,००० गेले. मर्यादा आणि घेतलेली खोली यांचं प्रमाण दोन तृतीयांश. महागडी खोली घेतली की कंपनी डॉक्टर आणि थिएटरचे आकारही त्याच प्रमाणात कमी करते, यालाच प्रमाणशीर कपात म्हणतात. त्यामुळे सर्जन ते थिएटर ही ६६,००० ची ओळ ४४,००० वर आली, तिथे २२,००० गेले. औषधांच्या ओळीत हातमोजे, मास्क, डायपर असल्या न मिळणाऱ्या वस्तू ३,४०० च्या निघाल्या, आणि शेवटची २,१०० ची ओळ पूर्णच नामंजूर. एकंदर ३३,५०० रुपये काकांच्या खात्यात. उरले ९७,६००. त्यातून कंपनीने 'हॉस्पिटल डिस्काउंट' म्हणून ७,००० कमी केले आणि ९०,६०० ची अंतिम मंजुरी दिली.

काउंटरवर झालेला हिशोब: १,३१,१०० वजा ९०,६०० म्हणजे ४०,५००. तेवढे ५०,००० मधून कापून मुलाच्या हातात ९,५०० ची रिफंड स्लिप.

बरोबर हिशोब: ५०,००० वजा ३३,५०० म्हणजे १६,५००.

मधले ७,००० कुठे गेले? रुग्णालयाने कंपनीला सवलत देऊ केली होती, ती काकांच्या डिपॉझिटमधून भरून काढली. बिलिंगच्या संगणकात 'रुग्णाकडून येणे' हा रकाना आपोआप बिल वजा मंजुरी असा भरला जातो, त्यामुळे समोरच्या क्लार्कला ते दिसतही नाही. मीही सुरुवातीची दोन वर्षं असेच रिफंड काढले असतील, हे कबूल करतो. मुलाने मंजुरीपत्रातली ती एक ओळ पेनाने खूण करून दाखवली, तेव्हा अर्ध्या तासात स्लिप बदलून मिळाली.

सवलत रुग्णालयानेच सोसायची, हे कुठे लिहिलं आहे?

तुम्ही भरती होताना सही केलेल्या प्री-ऑथ फॉर्ममध्ये. कॅशलेसची विनंती ज्या ठरावीक नमुन्यात जाते, त्यात शेवटी रुग्णाचं आणि रुग्णालयाचं अशी दोन निवेदनं असतात. रुग्णालयाच्या निवेदनात दोन गोष्टी मान्य केलेल्या असतात. विमा न देणारा खर्च सोडून करारातल्या पॅकेज दरापेक्षा जास्त पैसे रुग्णाकडून घेणार नाही, ही पहिली. आणि रुग्णाने भरलेल्या डिपॉझिटमधून, विम्याला मान्य नसलेला खर्च सोडून, दुसरी कसलीही वसुली करणार नाही, ही दुसरी. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतल्याने वाढलेला खर्च मात्र 'मान्य नसलेल्या' खर्चात धरलेला आहे.

सगळे जण या फॉर्मवर डोळे मिटून सही करतात, कारण तेव्हा माणूस स्ट्रेचरवर असतो. निदान मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. रिफंडच्या वादात याच्याइतकं उपयोगी पडणारं दुसरं कागद मला माहीत नाही.

सार्वजनिक क्षेत्रातल्या चार विमा कंपन्यांचं 'पीपीएन' नावाचं जाळं आहे. त्यात पित्ताशय, हर्निया, मोतीबिंदू अशा शस्त्रक्रियांचे पॅकेज दर आधीच ठरलेले असतात. तिथे मंजुरीपत्रात 'पॅकेजपेक्षा जास्त' किंवा 'टॅरिफपेक्षा जास्त' असा शेरा दिसला, की ती ओळ रुग्णालयाची समजा. अडचण येते ती खोली वरची घेतली असेल तेव्हा. त्या वेळी रुग्णालय म्हणतं, पॅकेज तुमच्या पात्रतेच्या खोलीचं होतं, वरचा फरक तुमचा. फरक खोलीच्या दर्जामुळे पडला असेल तर त्यांचं म्हणणं बरोबर. तोच फरक प्रमाणशीर कपातीत एकदा तुमच्याकडून गेला असेल आणि पुन्हा मागत असतील, तर बरोबर नाही.

एक सावधगिरी: काही रुग्णालयं सवलत बिलातच वजा करून दाखवतात. तसं असेल तर १,३१,१०० ऐवजी बिलाच्या तळाशी १,२४,१०० दिसेल, आणि मग साधी वजाबाकी केली तरी उत्तर बरोबर येईल. त्यामुळे भांडायला जाण्याआधी बिलाचं शेवटचं पान पाहा.

प्रमाणशीर कपात नक्की कशाकशावर लागते? आमच्या तपासण्याही कापल्या.

मग पहिली चूक विमा कंपनीकडूनच झाली असण्याची शक्यता आहे.

कल्पना अशी की महागडी खोली घेतली की त्या खोलीच्या दर्जानुसार डॉक्टरांची फी, थिएटरचा आकार असं सगळंच वाढतं, म्हणून कंपनी तेही त्याच प्रमाणात कमी करते. पण विमा नियामक, म्हणजे आयआरडीएआयने २०२० मध्ये याला कुंपण घातलं. औषधं आणि वापरून टाकायचं साहित्य, इम्प्लांट आणि वैद्यकीय उपकरणं, तसंच तपासण्या यांवर ही कपात करता येत नाही. आयसीयूच्या आकारांवरही नाही. आणि ज्या रुग्णालयात खोलीनुसार दर बदलतच नाहीत, तिथे ही कपात मुळातच लागू नाही.

यामागचं तर्कशास्त्र सरळ आहे. सीबीसीसाठी काढलेल्या रक्ताला रुग्ण जनरल वॉर्डात आहे की डिलक्समध्ये, हे कळत नाही. काकांच्या फाइलमध्ये १४,००० च्या तपासण्यांवर दोन तृतीयांश लावलं असतं, तर आणखी जवळपास ४,६७० रुपये त्यांच्या खिशातून गेले असते.

ओळखायचं कसं? तपासण्यांच्या ओळीत मंजूर रक्कम भागिले बिलातली रक्कम असा भागाकार करा. खोलीच्या ओळीतलं प्रमाण आणि हे प्रमाण सारखं आलं, तर कपात सरसकट लावली आहे. अशा वेळी रिफंड काउंटरवर वाद घालू नका, त्यांच्या हातात काही नाही. रुग्णालयात विम्याचं काम पाहणाऱ्या टीपीए डेस्कवर जाऊन कंपनीकडे फेरविचाराची विनंती पाठवायला सांगा, आणि शक्य असेल तर डिस्चार्जच्या आधीच. रुग्ण घरी गेला की रुग्णालयाला त्या फाइलची घाई उरत नाही.

'नॉन-पेएबल' म्हणून कितीही रक्कम लावू शकतात का?

नाही. पण तक्रार सिद्ध करायला तपशीलवार बिल लागतं, आणि 'सर्जिकल साहित्य: ३१,०००' एवढ्या एका ओळीवर काही सिद्ध होत नाही. वस्तूनिहाय बिल मागणं तुमचा हक्क आहे.

नियामकाने न मिळणाऱ्या वस्तूंच्या चार याद्या केल्या आहेत. पहिल्या यादीतल्या वस्तू पॉलिसीत बसत नाहीत, त्या तुमच्याच. उरलेल्या तीन याद्यांतल्या वस्तू अनुक्रमे खोलीभाड्यात, शस्त्रक्रियेच्या आकारात आणि उपचारखर्चात धरलेल्या असतात. म्हणजे त्यांचे वेगळे पैसे कंपनी देत नाही, कारण ते त्या मोठ्या आकारात आधीच आलेले आहेत. घोळ इथेच होतो. रुग्णालय अशी वस्तू वेगळी लावतं, कंपनी नाकारते आणि ती रुग्णाच्या रकान्यात जाऊन पडते. मंजुरीपत्रात 'खोलीभाड्यात समाविष्ट' असा शेरा असलेली ओळ दिसली, तर विचारा: खोलीभाडं आम्ही दिलं, मग हे परत कशाचं?

नामंजूर वस्तूंचाही खर्च देणारं जोडकलम तुमच्या पॉलिसीत असेल, तर ते लागू केलं का हेही पाहा. टीपीए डेस्कवरच्या माणसाला ते पाठ नसतं.

'विमा कंपनीचे पैसे आमच्या खात्यात आल्यावर रिफंड देऊ' असं सांगतात. चालेल?

पुण्यात हे वाक्य फार ऐकू येतं. त्यांची भीती खोटी नसते. अंतिम मंजुरी म्हणजे पैसे नव्हेत. रुग्णालय नंतर कागदांची पूर्ण फाइल पाठवतं, कंपनी ती तपासते आणि कधी कधी आणखी काही कापते. रुग्ण निघून गेल्यावर ती रक्कम मिळायची नाही, म्हणून डिपॉझिट तारण धरून ठेवतात.

पण फॉर्ममधल्या निवेदनात अशी मुभा दिलेली नाही. डिपॉझिट मान्य नसलेल्या खर्चासाठी आहे, आणि तो खर्च अंतिम मंजुरीपत्र आलं की कळलेला असतो. माझा व्यावहारिक सल्ला असा: तुमचा वाटा कापून उरलेली रक्कम आजच मागा. देत नसतील तर रिफंडची रक्कम, कारण आणि तारीख लिहिलेली, शिक्का मारलेली स्लिप घ्या. 'नंतर फोन करू' यावर कधीही विसंबू नका. फोन येत नाही.

तुम्ही कंपनीच्या ॲपवर किंवा ग्राहक सेवेला विचारून रुग्णालयाला पैसे कधी गेले ती तारीख आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक मिळवू शकता. तो क्रमांक घेऊन काउंटरवर गेलात की 'अजून आले नाहीत' हे उत्तर बंद होतं.

दोन महिन्यांनी रुग्णालयाचा फोन आला: 'कंपनीने कमी पैसे दिले, फरक भरा.' भरायचा का?

आधी कारण लेखी मागा. तीन शक्यता असतात.

कंपनी रुग्णालयाला पैसे देताना त्यातून दहा टक्के आयकर कापून भरते. आपल्या उदाहरणात ९०,६०० मधले ९,०६० रुपये असे जातील आणि रुग्णालयाच्या खात्यात ८१,५४० दिसतील. तो कर रुग्णालयाच्या नावावर जमा होतो, त्यांना तो त्यांच्या विवरणपत्रात मिळतो. नवा अकाउंटंट असला की ही रक्कम 'शॉर्ट पेमेंट' म्हणून रुग्णाकडे मागितली जाते. असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दुसरी शक्यता, रुग्णालयाने एखादा रिपोर्ट किंवा इम्प्लांटचं स्टिकर पाठवलं नाही म्हणून कंपनीने कापलं. ही त्यांची हयगय, तुमची नाही.

तिसरी शक्यता, जुना आजार लपवल्याचं किंवा पॉलिसीच्या अटीत न बसल्याचं कंपनीचं म्हणणं असेल. तेव्हा मात्र प्रकरण गंभीर, कारण प्री-ऑथ फॉर्ममध्ये कंपनीने न दिलेले पैसे भरण्याची हमी तुम्हीही दिलेली असते. अशा वेळी पैसे भरण्याआधी कंपनीचं नकारपत्र हातात घ्या आणि त्यावर दाद मागा.

रिफंड कुणाच्या नावाने मिळतो?

नियमाने ज्याने भरले त्याला. प्रत्यक्षात पावतीवर नाव रुग्णाचं छापलेलं असतं, कारण संगणक तेच उचलतो. मुलाने भरलेले पैसे मग वडिलांच्या नावाच्या चेकने येतात. घरातलंच असेल तर ठीक, पण पैसे मामांनी किंवा ऑफिसातल्या मित्राने भरले असतील तर विनाकारण अवघडलेपण येतं. म्हणून पैसे भरतानाच 'भरणाऱ्याचं नाव' पावतीवर लिहून घ्या. हे दहा सेकंदांचं काम पुढचे दहा हेलपाटे वाचवतं.

रुग्णाचा मृत्यू झाला असेल तर याला फारच महत्त्व येतं. मृत व्यक्तीच्या नावाचा चेक बँकेत वटवणं म्हणजे वारसाचे कागद, शपथपत्र आणि चकरा. तसा चेक तयार झाला असेल तर घेऊ नका. भरणाऱ्याच्या बँक विवरणातली नोंद जोडून, चेक त्याच्या नावे द्यावा असा अर्ज करा.

कार्डाने भरलेले पैसे साधारणपणे त्याच कार्डावर उलटतात आणि त्याला काही दिवस लागतात. यूपीआयचे बऱ्याचदा त्याच खात्यात जातात. रोख भरले असतील तरी मोठी रक्कम रोख परत देत नाहीत, रद्द केलेला चेक आणि पॅन मागून खात्यात पाठवतात. दोन हप्त्यांत दोन मार्गांनी भरलं असेल, तर रिफंडही दोन मार्गांनी येऊ शकतो. एकच हप्ता जमा झाला म्हणून घाबरून जाऊ नका, आधी दुसरं खातं पाहा.

रुग्णालय सोडण्याआधी कोणते कागद हातात हवेत?

वस्तूनिहाय अंतिम बिल, विमा कंपनीचं अंतिम मंजुरीपत्र (कपातीच्या तक्त्यासकट), डिपॉझिटच्या सर्व पावत्या आणि रिफंडची स्लिप. डिस्चार्ज कार्ड तर मिळतंच.

रिफंड देताना रुग्णालय डिपॉझिटच्या मूळ पावत्या परत मागतं. द्या, पण त्याआधी त्यांच्या झेरॉक्सवर शिक्का मारून घ्या. तुमच्याकडे दुसरी पॉलिसी असेल, समजा एक ऑफिसची आणि एक स्वतःची, तर पहिल्या कंपनीने न दिलेला खर्च दुसरीकडे मागता येतो. काकांच्या ३३,५०० मधले २८,००० खोलीच्या मर्यादेमुळे गेले होते. खोलीची मर्यादा नसलेली दुसरी पॉलिसी असती, तर ते तिच्याकडे मागता आले असते. त्यासाठी पहिल्या कंपनीचं मंजुरीपत्र आणि पैसे भरल्याचा पुरावा लागतो. परत मिळालेलं डिपॉझिट त्यात धरायचं नाही, खरोखर खर्च झाला तेवढाच मागायचा.

आणि न वापरलेली औषधं बिल बंद होण्याआधी परत करा. अंतिम बिल कंपनीकडे गेल्यावर केलेली परतफेड बिलात दिसत नाही. औषध दुकानाचं खातं वेगळं असेल तर तिथलं डिपॉझिटही वेगळं मागावं लागतं. हे लोक हमखास विसरतात.

सकाळी डॉक्टर 'घरी जा' म्हणाले आणि मंजुरी रात्री आली. जादा दिवसाचे पैसे कापले.

आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार, रुग्णालयाची डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची असते. त्यापुढे उशीर झाला आणि रुग्णालयाने त्यासाठी जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा.

पण घड्याळ डॉक्टरांच्या राउंडपासून सुरू होत नाही. नऊला राउंड, अकराला समरी टाइप, एकला औषधांची परतफेड, तीनला बिल कंपनीकडे, असा क्रम असेल तर सहा वाजता आलेली मंजुरी वेळेतच आहे. आधीचे सहा तास रुग्णालयाचे. टीपीए डेस्ककडून विनंती पाठवल्याची वेळ विचारून घ्या, म्हणजे जादा दिवसाच्या भाड्याबद्दल कुणाशी बोलायचं ते ठरेल.

तक्रार कुठे करायची?

आधी ठरवा, पैसे कुणी अडवले. कंपनीने चुकीची कपात केली असेल तर प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. पुण्याचं लोकपाल कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर जीवनदर्शन इमारतीत आहे. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे वाद घेतात. कंपनीच्या उत्तरानंतर एका वर्षाच्या आत जायला हवं.

रुग्णालयाने डिपॉझिट अडवलं असेल तर लोकपाल काही करू शकत नाही, त्यांचा अधिकार विमा कंपन्यांवर आहे. तिथे आधी रुग्णालयाच्या बिलिंग प्रमुखाला ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि शेवटी पुण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. रुग्णालयाची नोंदणी महापालिकेकडे असल्याने तिच्या आरोग्य विभागाकडेही अर्ज करता येतो. पिंपरी-चिंचवडमध्ये त्या महापालिकेकडे.

ईमेलमध्ये इतिहास लिहू नका. काकांच्या मुलाला काउंटरवर स्लिप बदलून मिळाली नसती, तर एवढाच मजकूर पुरला असता:

"भरती क्रमांक अमुक. एकूण डिपॉझिट ५०,०००. अंतिम मंजुरीपत्रानुसार रुग्णाने द्यायची रक्कम ३३,५००. देय रिफंड १६,५००. आपण ९,५०० ची स्लिप दिली आहे. फरकाचे ७,००० रुपये ही विमा कंपनीला दिलेली सवलत असून, प्री-ऑथ फॉर्ममधल्या आपल्या निवेदनानुसार ती डिपॉझिटमधून वळती करता येत नाही. मंजुरीपत्र आणि फॉर्मची प्रत जोडली आहे. सुधारित रिफंड सात दिवसांत खात्यात जमा करावा."

कॅशलेस नाकारलं गेलं तर डिपॉझिटचं काय?

ते सगळं बिलात वळतं होतं आणि वरचे पैसे तुम्ही भरता. रिफंड फक्त भरलेली रक्कम बिलापेक्षा जास्त असेल तरच. नंतर कंपनीकडे परतावा मागता येतो, पण तेव्हा विमा कंपनी पैसे तुम्हाला देते, रुग्णालयाचा त्यात संबंध उरत नाही.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार झाले, तरी डिपॉझिट घेतलं होतं.

योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात, त्यामुळे इथे वजाबाकीचा प्रश्नच नाही. योजनेत मंजुरी मिळण्याआधीच्या दिवसांचं बिल त्यात दाखवलं असेल तर ते तपासून घ्या. रुग्णालयातच योजनेचे आरोग्यमित्र बसतात. आधी त्यांच्याकडे पावती दाखवा, नाही जमलं तर १५५३८८ वर फोन करा. हे काम डिस्चार्जच्या आधी करा, कारण घरी गेल्यावर त्याच आरोग्यमित्रांना शोधायला पुन्हा गर्दीतून जावं लागतं.